१२ बाय ९ मीटरचं अंगण, ४२ मुलं आणि एक तास: कोणता खेळ बसवता येईल?

खडूरेघ

मी शाळेत पीटी शिकवते, पाचवी ते सातवी. आम्हाला मैदान नाही. इमारतीच्या मधोमध कोबा केलेलं अंगण आहे, टेप लावून मोजलं तर १२ मीटर लांब आणि ९ मीटर रुंद. एका लांब बाजूला वर्गांच्या खिडक्या, तिच्यासमोर कोरी भिंत, एका टोकाला पायऱ्या, दुसऱ्या टोकाला फाटक. एका तासाला ४२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. भागाकार केला तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम अडीच चौरस मीटर येतात.

आजवर दोन खेळ चालत आले होते. एक शिवणापाणी, जे मागच्या महिन्यात मी बंद केलं, कारण दोन मुलं मागे बघत पळताना समोरासमोर आदळली आणि एकाच्या ओठाला टाके पडले. दुसरा डॉजबॉल. त्यात आदळाआपट कमी होते, पण गेल्या आठवड्यात मी सहावीतल्या एका शांत मुलीवर घड्याळ लावून बसले. ३५ मिनिटांत ती चार मिनिटं खेळली आणि एकदा तिच्या हाताला चेंडू लागला. उरलेला वेळ ती पायरीवर बसून होती, कारण ती दोन्ही डावांत सगळ्यात आधी बाद झाली.

मला वाटतं, मोठ्या मैदानाचे खेळ कापून-छाटून इथे बसवण्यापेक्षा या जागेसाठीच एखादा खेळ तयार करावा. अट एवढीच की ४२ जण आत हवेत, बाद होऊन कोणी बसायचं नाही, आणि खिडक्या शाबूत राहिल्या पाहिजेत. कवायत आणि आसनं आम्ही करतोच, ती सुचवू नका. कोणी असं काही केलंय का?

पिटुकली_परी

छान धागा! माझा मुलगा चार वर्षांचा आहे, घरात सोफ्यावरून उड्या मारतो. त्याला हॉलमध्ये खेळता येईल असं काही सुचवाल का? टीव्ही हलवता येत नाही.

रानवारा

परीताई, इथे शाळेच्या अंगणाचं चाललंय, ४२ मुलं आहेत. चार वर्षांच्या एका मुलाचं गणित वेगळं, तरी टीव्हीचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच म्हणा. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने घरं आखून द्या, उड्या सोफ्यावरून खाली येतील.

उंच_उडी

चुकबॉल करा. स्वित्झर्लंडमधल्या हर्मन ब्रांट नावाच्या डॉक्टरांनी खेळाडूंच्या दुखापती बघून १९७० च्या सुमारास हा खेळ काढला. एक मीटर बाय एक मीटरची ताणलेली जाळी तिरकी उभी करायची, तिच्यावर चेंडू मारायचा, आणि तो उडून येईल तेव्हा समोरच्यांनी झेलायचा. अंगाला अंग लावायचं नाही, दुसऱ्याचा पासही अडवायचा नाही. कमी जागेसाठीच बनलाय.

जुना_भिडू

उंच_उडी, अंगाला अंग न लागण्याचं तुम्ही बरोबर सांगितलंत. जागेचं मात्र तसं नाही. चुकबॉलचं मैदान बास्केटबॉलच्या मैदानाएवढं असतं, नुसत्या जाळीसमोरचं अर्धवर्तुळच तीन मीटर त्रिज्येचं. आणि जाळीवरून चेंडू कुठे उडेल हे मारणाऱ्याच्या हातात असतं. बाईंच्या अंगणात तो पहिल्या दिवशी खिडकीत जाईल.

मी बरीच वर्षं खो-खो शिकवला, अडचणीच्या जागांतही. त्यातून एक गोष्ट कळली ती सांगतो. जागा कमी पडते तेव्हा आपण चौरस मीटर मोजतो, पण मुलं आदळतात ती दिशेमुळे आणि वेगामुळे. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर आहे, म्हणजे तुमच्या अंगणाच्या चौपट. पण त्याचे नियम नीट बघा. आक्रमण करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ बसलेले असतात, तेही आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून. उठून पळतो एकच. त्याने एकदा दिशा धरली की उलट फिरायचं नाही आणि बसलेल्यांच्या मधून पलीकडे घुसायचं नाही. पलीकडे जायचं तर खांबाला वळसा, नाहीतर खो. खेळ झपाट्याचा होतो, पण आक्रमकांची टक्कर जवळपास होतच नाही, कारण ते कुठे जाणार हे नियमानेच ठरवलेलं असतं. शिवणापाण्यात बेचाळीस जण बेचाळीस दिशांना पळतात, म्हणून ओठ फुटतो.

दुसरं म्हणजे ते बसलेले आठ जण खेळाबाहेर नसतात. कोणत्याही क्षणी पाठीवर थाप पडेल म्हणून टाचा उचलून तयार असतात. पायरीवर बसलेल्या तुमच्या मुलीत आणि पाटीवर बसलेल्या खेळाडूत हा फरक आहे. थोड्या जागेत खूप मुलं ठेवायची असतील तर थांबलेल्या मुलाची पाळी नक्की आणि लवकर यायला हवी.

खडूरेघ

भिडू सर, टाचा उचलून तयार असलेलं मूल! मला नेमकं हेच हवं होतं. पण खो-खो तसाच्या तसा बसणार नाही ना?

जुना_भिडू

नाही. एका वेळी पळणारे चौघंच, बाकीच्यांना बसायला कोबा, आणि तीन संरक्षकांना हुलकावणीला जागा नाही. खो-खो घेऊ नका, त्यातली युक्ती घ्या.

झपझप

मी थोडं वेगळं बोलतो. बाद होण्यात काय वाईट आहे? आम्ही सगळे बाद होत होत मोठे झालो. बाद व्हायची भीती असते म्हणून मूल जीव तोडून खेळतं. बाद काढून टाकलं तर नुसता चेंडू इकडून तिकडे, त्याला खेळ म्हणत नाहीत.

सावलीतलं_झाड

झपझप, मी तीच मुलगी होते. शाळेची सगळी वर्षं मी पहिल्या मिनिटात बाद झाले आणि उरलेला तास बघत बसले. ज्याला सरावाची गरज सगळ्यात जास्त त्यालाच सगळ्यात कमी सराव मिळतो, आणि पुढच्या तासाला तो आणखी लवकर बाद होतो. जीव तोडून खेळायला आधी डावात असावं लागतं.

झपझप

मान्य, पण मग हरण्याची किंमत काय? काहीतरी गमवावं लागलं पाहिजे.

रानवारा

जागा गमवा, वेळ गमवू नका. हरलात की खालच्या घरात जा, पण खेळत राहा. फोर स्क्वेअरमध्ये हेच असतं. जमिनीवर चार चौकोन, प्रत्येकात एक जण, चेंडू हाताने दुसऱ्याच्या घरात टप्पा पाडून मारायचा, त्याने एका टप्प्यानंतर पुढे पाठवायचा. चुकला तो शेवटच्या घरात जातो, बाकीचे एकेक घर वर सरकतात.

खडूरेघ

रानवारा, फोर स्क्वेअर मी करून पाहिलाय. दोन मीटरची चार घरं म्हणजे चार बाय चारचं अंगण लागतं, आणि त्यात चौघंच. अशी दोन बसली तरी आठ मुलं. उरलेले ३४ रांगेत, परत पायरीच.

जुना_भिडू

इथे थोडं थांबूया, कारण वाट इथूनच निघेल. टेबल टेनिसची दुहेरी आठवा. दोघा जोडीदारांनी आळीपाळीनेच मारायचं असतं, एकाने सलग दोनदा मारलं की गुण गेला. म्हणून मारणारा लगेच बाजूला होतो आणि दुसरा त्याच्या जागी येतो. हाच नियम फोर स्क्वेअरच्या प्रत्येक घराला लावा. एका घरात एक मूल न ठेवता तीन किंवा चार जणांचं पथक ठेवा. घरात उभा एकच. त्याने मारला की तो बाहेर, पुढचा आत. रांग राहील, पण ती चेंडूबरोबर फिरणारी रांग असेल.

आता आकडे. ४२ चे तीन गट करा, चौदा-चौदाचे. १४ जण एका अंगणात: दोन घरांत चार-चार, दोन घरांत तीन-तीन. दुसऱ्या अंगणात तसेच १४. तिसरा गट कोऱ्या भिंतीवर. १२ मीटरची भिंत आहे, तीन मीटरचा एक असे चार पट्टे होतील, त्यातही चार-चार आणि तीन-तीन. भिंतीवर मारायचा, परत आलेला पुढच्याने घ्यायचा, मारणारा रांगेच्या मागे. नऊ मिनिटांनी गट पुढे सरकवा. तिन्ही फेऱ्यांची २७ मिनिटं होतात, उरलेली आठ जागा बदलण्यात आणि हजेरीत जातील.

उंच_उडी

माझं चुकबॉल मागे घेतो. पण खिडक्यांचं काय? जोरात मारणारा पोरगा प्रत्येक वर्गात एक तरी असतोच.

जुना_भिडू

चांगला प्रश्न. बास्केटबॉल कसा जन्मला ते बघा. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफिल्डला जेम्स नायस्मिथ यांना हिवाळ्यात बंद व्यायामशाळेत १८ दांडगट विद्यार्थी सांभाळायचे होते. मैदानी खेळ आत आणून पाहिले तर पोरं एकमेकांना पाडत होती. त्यांनी विचार केला की चेंडू घेऊन पळायलाच मना केलं तर कोणी कोणाला पाडणार नाही. आणि गोल डोक्याच्या वर आडवा ठेवला तर चेंडू कमानीत टाकावा लागेल, जोर लावून काही उपयोग होणार नाही. म्हणून सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर पीचच्या टोपल्या ठोकल्या. 'हळू मारा' असं सांगायची वेळच त्यांनी येऊ दिली नाही, जोर लावणं निरुपयोगी होईल अशी रचना केली.

तुमच्याकडे तेच करा. फटका फक्त खालून वर, उघड्या तळव्याने. आणि चेंडू दुसऱ्याच्या घरात पडण्याआधी मारणाऱ्याच्या कमरेच्या वर गेला पाहिजे. सपाट मारला की चूक. मग खिडकीकडे जायला जोरच उरत नाही.

खडूरेघ

वाचून हात शिवशिवताहेत. सोमवारी सहावी-अ वर करून बघते. चेंडू कोणता घेऊ? टेनिसचा आहे, व्हॉलीबॉल आहेत, रबरी आहेत.

रानवारा

टेनिसचा नको, कोब्यावर तो वेडा होतो. व्हॉलीबॉल किंवा रबरी घ्या आणि थोडी हवा काढा. छातीच्या उंचीवरून नुसता सोडून बघा. टप्पा पडून गुडघ्यापर्यंत आला तर ठीक. कमरेपर्यंत आला तर अजून हवा काढा. घोट्यापर्यंतच उठला तर मुलांना खाली वाकूनही मिळणार नाही, थोडी भरा.

कापूसकोंड्या

अवांतर: हवा काढलेला चेंडू म्हणजे आमच्या शाळेतले सगळेच चेंडू. आम्ही नकळत तज्ज्ञ होतो की! :)

मायमावशी

माझा प्रश्न जरा वेगळा आहे, चालेल ना? माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला फार कमी दिसतं. प्रकाश आणि मोठे आकार कळतात. पीटीच्या तासाला त्याला गुणलेखक करतात. या खेळात त्याला घेता येईल का?

जुना_भिडू

ताई, इथेच विचारा. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये गोलबॉल हा खेळ निघाला. त्यात घुंगरं असलेला चेंडू जमिनीवरून घरंगळत येतो आणि खेळाडू आवाजावरून आडवे पडून तो अडवतात. त्या वेळी प्रेक्षकांनी गप्प बसायचं असतं. बाईंच्या अंगणात शांतता मिळणार नाही, अडचण ती आहे. घुंगरांचा चेंडू नसेल तर नेहमीचा चेंडू खुळखुळणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधा, घरंगळताना आवाज होतो. पण ४१ जणांच्या गलक्यात तो किती ऐकू येईल, सांगता येत नाही.

मायमावशी

पिशवीचं आज घरी करून बघते. टप्पा पडलेला चेंडू त्याला सापडत नाही, घरंगळत आलेला सापडतो, हे खरं आहे.

खडूरेघ

(आठ दिवसांनी)

दोन तास झाले, दोन्हींचं सविस्तर लिहिते.

पहिला तास फसला. घरं बरोबर आखली होती, खडूने. कोऱ्या भिंतीकडून तीन मीटर सोडले, पुढचा एक मीटर रिकामा, मग चार मीटरची अंगणं, मग खिडक्यांकडे एक मीटर. लांबीत एक मीटर, चार मीटरचं अंगण, मधे दोन मीटर, परत चार, परत एक. कागदावर सगळं बसलं. पण थांबलेली मुलं कुठे उभी राहतील हे मी सांगितलंच नव्हतं. ती आपापल्या घराच्या जवळच्या बाजूला उभी राहिली. त्यामुळे अंगणातली काही मुलं भिंतीवरच्या मुलांच्या पाठीला पाठ लावून उभी, आणि दोनदा भिंतीचा चेंडू अंगणात आला. शिवाय मारणारा जिथून बाहेर पडायचा तिथूनच पुढचा आत घुसायचा. दहा मिनिटांत खांद्याला खांदा लागून तिघं रडवेली झाली. चुकून बाहेर गेलेला चेंडू आणायला सगळेच धावले, तो गोंधळ वेगळा.

दुसऱ्या तासाला मी तीन गोष्टी बदलल्या. कोणत्याही पथकाने भिंतीकडे किंवा खिडक्यांकडे रांग लावायची नाही. डाव्या दोन घरांची रांग अंगणाच्या डाव्या बाजूला, उजव्यांची उजव्या बाजूला. म्हणजे दोन अंगणांमधल्या दोन मीटरच्या गल्लीत चार पथकं उभी राहतात, बाकीची चार दोन टोकांना. भिंतीकडचा एक मीटर मोकळा राहिला. दुसरं, प्रत्येक घराला खडूने दोन बाण काढले: आत यायचं भिंतीच्या बाजूच्या कडेने, बाहेर पडायचं खिडकीच्या बाजूच्या कडेने. सगळ्या आठ घरांना एकच नियम. भिडू सरांनी दिशेचं सांगितलं होतं ते या बाणांमुळे मला खरं कळलं. तिसरं, चेंडू आणायला तोच जाईल ज्याचा हात शेवटी लागला.

टक्कर एकही झाली नाही.

जुना_भिडू

शाब्बास! गल्लीत रांगा लावायचं मला सुचलं नव्हतं.

झपझप

आणि ती सहावीतली मुलगी? किती वेळा हात लागला?

खडूरेघ

मोजलंय. त्या मुलीवर, वर्गातल्या सगळ्यात चपळ मुलावर आणि एका मधल्या मुलावर नजर ठेवायला तीन मुलांना बसवलं, दर तीन मिनिटांनी नवे तिघं. अंगणातल्या नऊ मिनिटांत चपळ मुलाचे १५ फटके, मधल्याचे १३, तिचे ११. भिंतीवर तिघांचेही चाळिसाच्या वर.

रानवारा

११ आणि १५ मधला फरक कुठून आला? पाळी तर ठरलेली आहे.

खडूरेघ

ती चौघांच्या घरात होती आणि तो तिघांच्या, तेवढा फरक आपोआप येतो. पण दुसरंही एक कारण होतं, ते बघताना लक्षात आलं. समोरासमोरच्या घरांतली दोन तरबेज पथकं एकमेकांतच चेंडू खेळत राहिली, टप-टप, टप-टप. बाकीची दोन घरं बघत उभी. आपलं पायरीवर बसणं परत आलं, फक्त उभ्याने. म्हणून आता नियम केलाय की चेंडू ज्या घरातून आला त्या घरात परत पाठवायचा नाही.

सावलीतलं_झाड

हा नियम मला फार आवडला. खाजगी सामना तिथेच संपतो.

झपझप

मलाही, पण दुसऱ्या कारणासाठी. परत पाठवता येत नाही म्हणजे चेंडू येता येता ठरवावं लागतं की उरलेल्या दोन घरांतलं कोणतं. आता हा खेळ वाटतोय. पण गुण कसे देता? कोणी चुकलं तर?

खडूरेघ

पहिली तीन मिनिटं मोजणी: चारही घरं मिळून चेंडू किती वेळ चालू ठेवतात. सहावी-अ चा उच्चांक २३ आहे. पुढची सहा मिनिटं रानवारा म्हणाला तसं, चुकलेलं पूर्ण पथक शेवटच्या घरात, बाकीची एकेक घर वर. हरण्याची किंमत घर, झपझप!

झपझप

चुकणारा एक आणि घर सोडायचं चौघांनी. त्या एकाला बाकीचे तिघं बोलणार. हे मी शाळेत पाहिलंय, भोगलंयही. तुम्ही बाद होण्याचं दुःख काढलंत आणि दोष लागण्याचं आणलंत.

खडूरेघ

खरं आहे. कालच एकीला "तुझ्यामुळे" असं ऐकावं लागलं. मी थांबवलं, पण प्रत्येक वेळी मी तिथे असणार नाही. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

जुना_भिडू

दर तीन मिनिटांनी पथकं मोडून नवी केली तर आज दोष देणारा उद्या त्याच मुलाच्या पथकात असेल. थोडं कमी होईल, संपणार नाही.

सावलीतलं_झाड

पथकं मोडण्यात वेळ जाईल. त्यापेक्षा पूर्ण नऊ मिनिटं मोजणीच ठेवा, हरणं-जिंकणं शनिवारी.

झपझप

रोजची मोजणी तिसऱ्या दिवशी कंटाळवाणी होते. बघा तुम्ही.

लंगडीवाला

उशिरा आलो, पण एक राहिलंय. पळायचा खेळ हवाच असेल तर लंगडी घ्या. एका पायावर मूल दोन पायांच्या निम्म्या वेगाने जातं आणि चटकन थांबतं, त्यामुळे छोटं अंगणही त्याला मोठं होतं. पाठलाग करणाराच नव्हे, दोन्ही बाजूंनी लंगडत खेळायचं. मात्र कोब्यावर एका मुलाने सलग मिनिटभरापेक्षा जास्त लंगडू नये, टाच आणि नडगी दुखते. पाय बदलायला लावा.

कापूसकोंड्या

अनुमोदन. लंगडीत पडलं तरी बसल्या जागी पडतं, उडून भिंतीवर जात नाही.

फरशीपुसणी

मी शाळेच्या देखभालीचं काम पाहते, दोन गोष्टी सांगते. खडू रोज पुसला जातो म्हणून लोक ऑइलपेंटने रेघा मारून घेतात. कोब्यावर तो रंग ओला झाला की पाय सरकतो, आणि तुमच्या खेळात मुलं नेमकी रेघेवर पाय ठेवूनच आत-बाहेर करतात. रंगात बारीक चाळलेली वाळू मिसळा आणि पट्टा दोन बोटांपेक्षा रुंद नको. दुसरं, भिंतीवर चेंडू आपटण्याचा आवाज पलीकडच्या खोलीत धप-धप येतो. पलीकडे वर्ग असता तर दुसऱ्या दिवशी तक्रार आली असती.

खडूरेघ

पलीकडे जिना आणि सामानाची खोली आहे, म्हणून वाचलो. वाळूचं लिहून घेतलं, ताई. बाणही रंगवायचे आहेत.

मायमावशी

पिशवीचा प्रयोग कळवते. घरी शांततेत अगदी छान जमला, दहापैकी आठ वेळा त्याने चेंडू अडवला. शाळेत नेला तर गलक्यात काहीच ऐकू आलं नाही. पण त्याच्या बाईंनी हा धागा वाचून त्याला भिंतीच्या पट्ट्यात घेतलं. कोपऱ्यातला शेवटचा पट्टा, चेंडू भिंतीकडे घरंगळत सोडायचा आणि आवाज न ऐकता पायाने अडवायचा. त्याच्या पुढचा मुलगा "आला" म्हणून ओरडतो. अंगणात मात्र अजून त्याला जागा नाही.

जुना_भिडू

कोपऱ्यातला पट्टा निवडला हे फार चांगलं केलं, एका बाजूची भिंत त्याला हाताने कळते. अंगणासाठी त्याच्या घरात टप्प्याऐवजी घरंगळत पाठवायचा असा नियम करून बघा. बाकीच्यांनाही ते अवघडच जातं, म्हणून कोणाला ती सवलत वाटणार नाही.

उंच_उडी

मूळ प्रश्न होता या जागेसाठी नवा खेळ. तो झाला की! दोन शाळांत सामने होतील का?

रानवारा

होतील, पण आधी चेंडूची हवा ठरवा. एका शाळेचा गुडघ्यापर्यंत उडणारा आणि दुसरीचा कमरेपर्यंत, तर सामना चेंडूच ठरवेल.

खडूरेघ

सामन्यांच्या आधी माझी एक अडचण सोडवा. पाचवी-सहावीत खेळ रंगलाय. सातवीत बिघडतो. मुलं उंच झालीत, दोन मीटरचं घर त्यांना एका पावलाचं आहे. चेंडू इतका सहज मिळतो की चूकच होत नाही, आणि खालून मारूनही एकाने परवा खिडकीच्या गजावर आपटला. घर अडीच मीटरचं केलं तर अंगण पाच मीटरचं होतं. मग रुंदीत भिंतीचे तीन आणि अंगणाचे पाच धरता जेमतेम एक मीटर उरतो आणि मधली गल्लीही संपते. म्हणजे भिंतीचे पट्टे तरी जातील नाहीतर रांगा तरी.

लंगडीवाला

लंगडीवर खेळायला लावा.

खडूरेघ

लावलं. पाच मिनिटांत पाय दुखले, तुम्ही म्हणालात तसंच.

जुना_भिडू

घर मोठं करू नका, हात लहान करा. सातवीला फक्त डाव्या हाताने खेळू द्या, डावखुऱ्यांना उजव्या. जोरही जाईल आणि नेमही. दोन-तीन महिन्यांनी तोही हात तयार होईल, तेव्हा परत बोलू.

खडूरेघ

उद्या तिसऱ्या तासाला सातवी-ब आहे. डावा हात. मोजणारी तीन मुलं बसवते आणि रात्री आकडे टाकते.